लाल फाइल कुठे आहे?

आमच्या गावाचे नाव सांगितले की लोक हमखास चुकतात. डोंगरी म्हटले की सगळ्यांना मुंबईची डोंगरी आठवते. आमची डोंगरी भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर, समुद्राच्या अंगाला आहे. गंमत अशी की आम्ही या डोंगरीत त्या डोंगरीतूनच आलो. मरहूम अब्बांनी नोकरी संपल्यावर इथे छोटे घर घेतले आणि सगळे बिऱ्हाड इकडे आणले. त्यामुळे आमच्या घरातल्या निम्म्या कागदांवर एक डोंगरी आहे आणि निम्म्यांवर दुसरी. दोन्हींत फरक करतो तो फक्त पिनकोड. तिकडचा ४००००९, इकडचा ४०११०६.

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरलीचे मिस्टर कुवेतला, धाकटीचे रोज पहाटे लोकल पकडून मुंबईला. घरी अम्मी, आम्ही दोघी आणि तीन मुले. अब्बा होते तोवर घरातला कुठलाही कागद आम्ही कधी हातात धरला नव्हता. त्यांची एक पत्र्याची पेटी होती. त्यात सगळे होते, आणि कुठे काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक होते. अब्बा गेले आणि पेटी आमच्याकडे आली, पण ते ‘ठाऊक असणे’ त्यांच्याबरोबर गेले.

याची किंमत आम्हाला त्याच वर्षीच्या जुलैत एका रात्री कळली. अम्मींना ताप होता, तो एकदम चढला, दम लागू लागला. रिक्षा मिळवून कसेबसे दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी विचारले, “यांना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?” आम्ही एकमेकींकडे पाहिले. आहे, हे दोघींना माहीत होते. काही वर्षांपूर्वी एका इंजेक्शनने अम्मींच्या ओठांना, डोळ्यांना सूज आली होती, अंगभर चट्टे उठले होते. पण इंजेक्शन कोणते? डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, आणि ते कार्ड पेटीत होते. धाकटी तशीच परत घरी आली. पेटी उपडी केली. वीजबिले, लग्नपत्रिका, बंद झालेल्या बँक खात्याची पासबुके, मुलांचे जुने प्रगतिपुस्तक, सगळे निघाले. कार्ड निघाले नाही. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी जोखीम न घेता वेगळ्या प्रकारचे औषध दिले आणि अम्मी चार दिवसांत घरी आल्या. कार्ड आम्हाला तीन आठवड्यांनी सापडले, घरपट्टीच्या पावत्यांच्या घडीत. त्यावर ‘पेनिसिलिन’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही ठरवले की पेटी मोडायची.

पहिल्यांदा जे केले ते सपशेल फसले, तेही सांगायला हवे. भाईंदर स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून बारा रंगांच्या बारा फाइली आणल्या. आधाराला एक, रेशनला एक, विजेला एक, बँकेला एक, प्रत्येक मुलाला एकेक. आठ दिवस घर इंद्रधनुष्यासारखे दिसले. पण गुलाबी कशाची आणि जांभळी कशाची हे पाहायला पुन्हा एक चिठ्ठी लागायची. आकाशी आणि निळी यांत रात्रीच्या दिव्यात फरकच कळेना. महिन्याभरात नवीन आलेला कागद ‘सध्या इथे असू दे’ म्हणून हाताला येईल त्या फाइलीत जाऊ लागला आणि बारा रंगांच्या बारा पेट्या तयार झाल्या.

मग एके दिवशी अम्मीच सहज म्हणाल्या, “बेटा, माझं केशरी कार्ड तेवढं वेगळं ठेव.” रेशनकार्ड म्हणाल्या नाहीत, ‘केशरी कार्ड’ म्हणाल्या. आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या राज्यात १ मे १९९९ पासून तीन रंगांची रेशनकार्डे आहेत. पिवळे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना, केशरी मधल्यांना, पांढरे त्याहून जास्त उत्पन्न असणाऱ्यांना. उत्पन्नाची मर्यादा किती हे दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, पण आपल्या कार्डाचा रंग प्रत्येकाला तोंडपाठ असतो. अम्मींना मराठी वाचता येत नाही, तरी त्या कार्डाच्या रंगात कधी चुकत नाहीत. का? कारण रंग तीनच आहेत, लांबूनही वेगळे दिसतात, आणि एका रंगाचा अर्थ एकच आहे. आम्ही बारा रंग आणून नेमके हेच मोडले होते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही पाचच रंग ठेवले, आणि कागद काय आहे यापेक्षा तो कोणत्या वेळी लागतो यावरून वाटणी केली.

लाल म्हणजे तब्येत. केशरी म्हणजे ओळख, रेशनकार्डाच्या रंगावरूनच. तीत आधार, रेशनकार्ड, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, निकाहनामे. हिरवी म्हणजे घर, तीत घराचा करारनामा, त्याची सूची क्रमांक दोन, घरपट्टीच्या सगळ्या पावत्या, वीजबिले. निळी म्हणजे पैसा. बँक, विमा, आणि कोणाला दिलेली किंवा कोणाकडून घेतलेली रक्कम. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. आमच्याकडे तो लिहिलेला असायचा, पण कधी कॅलेंडरच्या मागे, कधी पाकिटावर. आता निळ्या फाइलीतल्या एकाच वहीत तारीख आणि साक्षीदारासह असतो. पाचवी पांढरी फाइल, ‘चालू’. घरात आलेला प्रत्येक कागद आधी हिच्यात पडतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी बसून ती रिकामी करतो. ही पाचवी नसती तर बाकीच्या चारही फार दिवस टिकल्या नसत्या. कारण रोजच्या घाईत कोणी उठून योग्य फाइल काढत नाही. टाकायला एक जागा द्यावीच लागते.

लाल फाइलीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. तीत घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा आहे, आणि प्रत्येक कप्प्यात सर्वांत वर एकच पान. त्या पानावर पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, असलेले आजार, चालू औषधे म्हणजे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि सर्वांत वर, चौकटीत, अ‍ॅलर्जी. शेवटी फोन करायचे दोन नंबर आणि पान लिहिल्याची तारीख. त्या खाली डिस्चार्ज कार्डे आणि रिपोर्ट, नवीन वर, जुने खाली. अम्मींच्या कप्प्यात रेशनकार्ड आणि आधारची एकेक झेरॉक्सही ठेवली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यात हेच दोन कागद आधी विचारतात, आणि रात्री दोन फाइली शोधत बसायला नको. अस्सल कागद केशरीतच राहतात.

फाइली तयार झाल्या आणि पहिल्याच महिन्यात एक अडचण निघाली, जिचा आम्ही स्वप्नातही विचार केला नव्हता. धाकटीच्या मिस्टरांना सांगितले, “लाल फाइल द्या.” त्यांनी हिरवी आणून दिली. आम्हाला वाटले चेष्टा करतायत. पुन्हा सांगितले, पुन्हा हिरवी. मग कळले की त्यांना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसतच नाहीत. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण बायकोला हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनाही ते कधी सांगण्यासारखे वाटले नव्हते. हे जन्मतः असते आणि बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त आढळते, म्हणजे असे भाऊ, वडील, मुलगे अनेक घरांत असणार. बाजारातल्या पाकिटांवर याचा विचार झालेला आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवा गोल असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोलच असायचा, आता चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. रंग ओळखू आला नाही तरी आकार ओळखू येतो.

आम्हीही तेच केले. लाल फाइलीच्या पाठीवर मोठा काळा त्रिकोण, केशरीवर गोल, हिरवीवर घराचे चित्र, निळीवर रुपयाची खूण. वर मराठीत नाव आणि खाली अम्मींसाठी उर्दूत. आता फोनवरून सांगताना आम्ही “लाल, त्रिकोणाची” असे सांगतो. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तर लाल, केशरी सगळेच एकसारखे तपकिरी दिसते. तेव्हा त्रिकोणच उपयोगी पडतो.

पत्त्याच्या घोळावरही एक छोटी खूण केली. ज्या कागदावर अजून मुंबईच्या डोंगरीचा पत्ता आहे त्याच्या प्लास्टिक पाकिटावर, कागदावर नव्हे, एक काळा ठिपका. त्या दिवशी मोजले तर तेवीस ठिपके निघाले. यादी करून एकेक पत्ता बदलून घेतला. आज चार उरले आहेत. त्यांतले निकाहनाम्यासारखे जे कागद त्या वेळच्या पत्त्याचेच राहणार, ते तसेच राहतील, पण आता ते आम्हाला माहीत आहे.

हिरव्या फाइलीचेही एक सांगायला हवे. अब्बांच्या घरात आमच्या दोन्ही नणंदांचा वारसाहक्क आहे. कागद मात्र आमच्या कपाटात. कपाट आपल्याकडे असले की मालकीही आपलीच असे मनाला हळूहळू वाटू लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला संशय येतो तो निराळाच. म्हणून हिरव्या फाइलीत काय काय आहे याची क्रमांक घातलेली यादी आणि करारनाम्याची झेरॉक्स आम्ही दोघींनाही दिली. मोठ्या नणंद यादी वाचून म्हणाल्या, “भाभी, हे अब्बांनी केलं असतं तर बरं झालं असतं.” एवढेच म्हणाल्या.

आता हवेचा त्रास. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम सुटतो. पहिल्या पावसाळ्यात आम्ही कागद मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत घालून निर्धास्त होतो. ऑक्टोबरमध्ये उघडले तर झेरॉक्सची काळी अक्षरे पाकिटालाच चिकटलेली. कागद ओढला तर अर्धी अक्षरे प्लास्टिकवर राहिली. ज्या पाकिटाला नव्या रेक्झिनसारखा वास येतो आणि जे हाताला मऊ, चिकट लागते, ते असे करते. जे कडक असते आणि हलवले की खडखड वाजते ते घ्यावे. पाकिटात घालण्याआधी कागद कोरड्या दिवशी पंख्याखाली तासभर पसरावा, नाहीतर ओल आतच कोंडते आणि करडे ठिपके पडतात. स्टेपलरच्या पिना काढून टाकाव्यात, त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. कपाट समुद्राकडच्या बाहेरच्या भिंतीला होते, ते आतल्या भिंतीला हलवले आणि मागे चार बोटे जागा सोडली.

औषधांच्या दुकानातली आणि दवाखान्यातली गुळगुळीत कागदाची पावती नुसती ठेवून उपयोग नाही. ती शाईने छापलेली नसते, उष्णतेने उमटवलेली असते आणि काही महिन्यांत कोरी होते. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी. आणि मूळ दाखले, करारनामे लॅमिनेट करू नयेत. आम्ही एकीचा शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट केला. पुढे त्यावर शिक्का मारायची वेळ आली तेव्हा शाई प्लास्टिकवरून पुसून जात होती. नवा दाखला काढायला दोन महिने गेले.

कागद झाले. स्वयंपाकघराकडे आम्ही वळलो ते एका वेगळ्याच घटनेमुळे.

रमजानचे दिवस होते. इफ्तारसाठी रात्री छोले भिजत घातले आणि लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा टाकला. सकाळी पाहिले तर पाणी पिवळे, साबणासारखे बुळबुळीत, आणि छोल्यांची साले सुटून वर आलेली. धाकटीने बरणी उघडून पाहिले. खायच्या सोड्याची पूड मैद्यासारखी मऊ असते, हिचे दाणे जाडसर होते. तो धुण्याचा सोडा होता. कोणीतरी पिशवी फाटली म्हणून तो एका रिकाम्या बरणीत ओतला होता, आणि त्या बरणीवर जुनी, अर्धी पुसलेली चिठ्ठी तशीच होती: ‘खायचा सोडा’. छोले फेकले. नशीब की भजीच्या पिठात नव्हता टाकला, तिथे तो दिसलाही नसता. हा सोडा पोटात गेला तर तोंड, घसा, पोट सगळे भाजते.

तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. नाव नसलेली पांढरी पूड ओळखायचा प्रयत्नच करू नये. जीभ लावून तर नाहीच. काही जणी लिंबू पिळून पाहतात, पण खायचा सोडाही फसफसतो आणि धुण्याचाही. बरणीवर नाव नसेल आणि ती कोणी भरली हे सांगता येत नसेल, तर ती पूड टाकून द्यावी. दहा-वीस रुपयांचाच प्रश्न असतो.

बरण्यांना रंग देताना आम्ही फाइलींचा धडा विसरलो नाही. काचेच्या बरणीत तूरडाळ आहे हे डोळ्यांना दिसतेच, त्यासाठी रंग खर्च करायचा नाही. जे बरणीकडे पाहून कळत नाही त्यासाठीच रंग. आमच्या घरी अशा तीनच गोष्टी निघाल्या.

पहिली, अम्मींना काय चालत नाही. त्यांना साखरही आहे आणि रक्तदाबही. लाल म्हणजे तब्येत हा अर्थ घरात रुजलाच होता, तोच इथे आणला. साखर, गूळ, मीठ, लोणचे, पापड आणि सुकटीच्या डब्याला लाल पट्टी. सुकटीला लाल पाहून थोरलीला नवल वाटले होते, पण सुक्या मासळीत मीठ किती मुरलेले असते हे ती भिजवलेल्या पाण्याच्या चवीवरून कळते. फायदा असा झाला की शाळेतून आलेली मुलगी आजीला काही द्यायला गेली की लाल पट्टी पाहून आधी विचारते. लाल म्हणजे ‘देऊ नको’ असे नाही, ‘आधी विचार’ एवढेच.

दुसरी, पावसाळ्यात काय आधी बिघडते. रवा, मैदा, बेसन, पोहे, शेवया यांना निळी पट्टी. निळ्या पट्टीचे एका वेळी महिन्याला पुरेल इतकेच आणायचे, आणि रवा, शेवया मे संपताना कोरड्याच हलक्या भाजून, पूर्ण गार करून भरायच्या. गरम भरल्या तर वाफेचे पाणी झाकणाला लागते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. तिसरी, वर्षाचा साठा. मसाला, तांदूळ, आमसुले यांना हिरवी पट्टी. हिरव्या डब्यात ओला चमचा किंवा ओला हात जायचा नाही. लागेल तेवढे कोरड्या वाटीने छोट्या बरणीत काढायचे.

आणि धुण्याचा सोडा, बोरिक पावडर, फिनाईल? त्यांना आम्ही रंगच दिला नाही. त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढले. मोरीच्या वरच्या फळीवर, मुलांच्या हाताच्या वर, आणलेल्या मूळ पाकिटातच. धोक्याची वस्तू मिठाशेजारी ठेवून नुसती पट्टी लावणे म्हणजे एक दिवस घाईत चूक होणारच. तिची जागाच वेगळी हवी.

पट्टीसाठी आम्ही बरेच काही करून पाहिले. रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या तेलकट हाताने आठवड्यात सुटल्या. स्केचपेनची शाई दमट हवेत पसरली, आणि खिडकीजवळच्या बरण्यांवरचा लाल रंग उन्हाने गुलाबी झाला. शेवटी टिकली ती वीजजोडणीवाले वापरतात ती रंगीत चिकटपट्टी. हार्डवेअरच्या दुकानात लाल, निळी, हिरवी, सगळ्या स्वस्तात मिळतात. लावण्याआधी बरणी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, पट्टी बरणीभोवती पूर्ण फिरवावी आणि टोक सुरुवातीच्या टोकावर दोन बोटे चढवावे. ते बरणीवर नव्हे, पट्टीला पट्टी चिकटून धरते. शेगडीजवळच्या बरण्यांना मात्र ही नको, उष्णतेने तिचा डिंक पाझरतो आणि हाताला काळे लागते. नाव पांढऱ्या कागदावर बॉलपेनने लिहून वरून रुंद पारदर्शक टेप लावली.

पट्टी आणि नाव दोन्ही बरणीच्या अंगावर हवे, झाकणावर नाही. आम्ही आधी झाकणांवर लावले होते. धुतल्यावर झाकणे अदलाबदल होतात, आणि एका सहेरीला अर्ध्या झोपेत साखरेच्या झाकणाखालचे मीठ चहात गेले. तेव्हा अजान व्हायला पाचच मिनिटे उरली होती. दुसरा चहा झाला नाही.

नावाखाली आम्ही ‘भरले’ असे लिहून महिना लिहितो. विकत आणलेल्या वस्तूच्या पाकिटाचा मुदतीची तारीख छापलेला तुकडा कापून बरणीच्या मागे टेपखाली लावतो. नवे धान्य जुन्यावर ओतत नाही. बरणी रिकामी करायची, उन्हात ठेवायची, नवे खाली आणि जुने वर. नाहीतर तळाशी दोन वर्षांपूर्वीचा मूठभर रवा तसाच राहतो आणि त्यातले किडे नव्या रव्यात चढतात. रव्याचे दाणे एकमेकांना जाळ्यासारखे चिकटून लोंबताना दिसले की समजावे, आत अळी आहे. तो चाळून वापरण्यात अर्थ नाही. आणि बरणीत पदार्थ बदलला तर आधी जुनी चिठ्ठी खरवडून काढायची, मगच नवे भरायचे. छोल्यांच्या दिवसापासून घरात हा एकच नियम असा आहे की जो मोडला तर अम्मीही ओरडतात.

गेल्या पावसाळ्यात या सगळ्याची परीक्षा झाली. थोरली माहेरी गेली होती. रात्री साडेअकराला अम्मींना चक्कर आली, घाम फुटला. वीज नव्हती. धाकटी अम्मींना धरून बसली आणि थोरलीच्या सोळा वर्षांच्या मुलीला म्हणाली, “त्रिकोणाची फाइल आण.” तिने अंधारात कपाट उघडले आणि मोबाइलच्या उजेडात फाइल काढून आणली. शेजारच्या आंटींच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिले पान उघडले, चौकटीतले ‘पेनिसिलिन’ वाचले, खाली औषधे वाचली. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

पण इथेच आमची एक चूकही उघडी पडली. पानावर रक्तदाबाची जी गोळी लिहिली होती तिचा डोस दोन महिन्यांपूर्वी वाढला होता. नवी चिठ्ठी पांढऱ्या फाइलीत पडली होती आणि त्या दोन महिन्यांच्या पहिल्या रविवारी घरात लग्नाची गडबड होती. धाकटीने निघताना अम्मींची औषधांची डबी पिशवीत टाकली होती म्हणून डॉक्टरांना गोळ्यांच्या पट्टीवरून खरे कळले. चक्कर त्या वाढलेल्या डोसामुळेच होती. पानावर विश्वास ठेवला असता तर कारण शोधायला वेळ गेला असता.

म्हणून आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. औषध बदलले की पान त्याच दिवशी नव्याने लिहायचे, रविवारची वाट पाहायची नाही, आणि जुने पान फाडून टाकायचे, खोडून ठेवायचे नाही. आणि लाल फाइलीच्या पाठीवर, त्रिकोणाच्या खाली, आम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: ‘डबी पण घे.’

अब्बांची पेटी अजून आहे. तिच्यात आता फक्त लग्नपत्रिका, मुलांची प्रगतिपुस्तके आणि अब्बांची पत्रे आहेत. त्यांना आम्ही रंग दिलेला नाही.